लठ्ठ मुलाचा डोस काढताना कोणतं वजन धरायचं?

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे, बालरोगतज्ज्ञ नाही. काल दहा वर्षांचा मुलगा दाखल झालाय. वजन ६० किलो, उंची १४० सेंमी. थंडी वाजून १०३ ताप, कमरेच्या वर पाठीत दुखतंय, लघवीत पू-पेशी भरपूर. अमिकासिन द्यायचं तर किलोला १५ मिग्रॅप्रमाणे ९०० होतात आणि हात धजावत नाही. एक सर म्हणाले आदर्श वजन धर, दुसरे म्हणाले ॲडजस्टेड. पॅरासिटामॉललाही तोच घोळ. यात काही एक नियम आहे का?

उत्तर :

हात धजावला नाही ते चांगलंच झालं. पण एक नियम नाही, आणि तुमचे दोन्ही सर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. कोणतं वजन धरायचं हे मुलावरून ठरत नाही, औषधावरून ठरतं. कधी कधी तर एकाच औषधाच्या पहिल्या डोसला एक वजन आणि पुढच्या डोसांना दुसरं असं होतं. तुमच्या या मुलाला आज सकाळी तीन औषधं द्यायची असतील, तर तिन्हींचा हिशेब वेगळा होईल.

आधी एक कबुली. मी बावीस वर्षं मुलांच्या वॉर्डात आणि अतिदक्षता विभागात काढली आहेत, आणि खाली लिहितोय ते माझ्या वापरातलं आहे. पण लठ्ठ मुलांवरचे औषधांचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. बरेचसे नियम मोठ्या माणसांवरून खाली आणलेले आहेत. शिवाय मूल तुमच्यासमोर आहे, माझ्यासमोर नाही. त्याची किडनी कशी चालली आहे, तो किती कोरडा पडलाय, यावर शेवटचा आकडा हलेल.

'किलोला इतके मिग्रॅ' हे आपण इतकं पाठ केलेलं असतं, की वजन हे सोयीचं माप आहे, मूळ गोष्ट नाही, हे विसरायला होतं. आपल्याला खरं तर दोन गोष्टी हव्या असतात. औषध शरीरात किती जागेत पसरणार आणि किती वेगाने बाहेर जाणार. अंगणातला हौद डोळ्यासमोर आणा. रिकामा हौद पहिल्यांदा भरायला किती बादल्या लागतील हे हौदाच्या आकारावर ठरतं. पुढे पातळी टिकवायला रोज किती बादल्या ओतायच्या हे मात्र मोरीच्या भोकावर ठरतं, हौद केवढा का असेना. पहिला डोस हौदाचा, पुढचे डोस मोरीचे. सडपातळ मुलात दोन्ही गोष्टी वजनाबरोबर वाढतात, म्हणून एकच आकडा दोन्हीकडे चालून जातो. लठ्ठ मुलात ही जोडी फुटते. साठ किलोच्या मुलाचं यकृत आणि किडनी काही तीस किलोच्या मुलाच्या दुप्पट नसतात. थोडी मोठी असतात, थोडं जास्त काम करतात, पण दुप्पट नाही. आणि हौदाचं म्हणाल तर तो औषधागणिक बदलतो. पाण्यात विरघळणारं औषध चरबीत फारसं शिरत नाही, कारण चरबीत पाणीच कमी.

आता तुमच्या मुलाचे आकडे काढू. प्रत्यक्ष वजन ६० किलो, ते काट्यावर दिसलं. आदर्श वजनासाठी मी बीएमआयची पद्धत वापरतो: त्या वयाच्या, त्या लिंगाच्या मुलांचा मधला, म्हणजे ५०व्या शततमकाचा बीएमआय घ्यायचा आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने गुणायचं. दहा वर्षांच्या मुलग्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तो १६.४ आहे. उंची १.४ मीटर, तिचा वर्ग १.९६. गुणाकार ३२. म्हणजे आदर्श वजन ३२ किलो. भारतीय बालरोग अकादमीचे २०१५चे तक्ते भिंतीवर असतील तर त्यातली मधली रेषा घ्या, डोसच्या दृष्टीने पडणारा फरक किरकोळ असतो. उंचीच्या शततमकावरून वजन शोधायची आणखी एक पद्धत आहे, तिने याच मुलाचं ३३च्या आसपास येईल. त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका, कारण तुमच्यापुढचा झगडा ३२ आणि ३३चा नाही, ३२ आणि ६०चा आहे.

समायोजित वजन म्हणजे आदर्श वजनात जादा वजनाचा एक हिस्सा मिळवायचा:

समायोजित वजन = आदर्श वजन + ०.४ × (प्रत्यक्ष वजन − आदर्श वजन)

इथे जादा वजन २८ किलो, त्याचे ०.४ म्हणजे साधारण ११. मिळून ४३ किलो. हा ०.४ आकाशातून पडलेला नाही. जादा वजन म्हणजे नुसती चरबी नसते, ती वाहून न्यायला थोडे स्नायू, थोडं रक्तही वाढलेलं असतं, आणि चरबीतही थोडं पाणी असतंच. तो सगळा हिस्सा या आकड्यात धरलेला आहे. पण तो मुख्यतः मोठ्या माणसांतल्या अमिनोग्लायकोसाइडच्या अभ्यासांतून आलाय. प्रत्येक औषधाला ०.४ लावत सुटलात तर चुकेल.

या हिशेबाला उंची लागते, आणि आपल्याकडे गाडी अडते ती इथेच. केसपेपरवर वजन असतं, उंचीचा रकाना कोरा. तुम्ही उंची मोजलीत, म्हणून तर एवढं बोलता येतंय. मूल उभं राहत नसेल तर पलंगावर सरळ झोपवून टेपने टाचेपासून डोक्यापर्यंत मोजा. एखाद-दोन सेंटिमीटर चुकलं तर काही बिघडत नाही, मोजलंच नाही तर सगळंच बिघडतं. दुसरं, जादा वजन चरबीचंच आहे ना हे डोळ्यांनी बघा. नेफ्रॉटिकच्या मुलाचं वजन आठवड्यात पाच-सहा किलोंनी वाढलेलं असतं, चेहरा सुजलेला असतो, पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो. ते पाणी आहे. तिथे ०.४चा काही संबंध नाही, सूज यायच्या आधीचं वजन आईला विचारून किंवा जुन्या कागदावरून शोधावं लागतं.

आता अमिकासिन. पाण्यात विरघळणारं, चरबीत न शिरणारं, जवळपास सगळं किडनीवाटे जाणारं औषध. इथे समायोजित वजन धरायचं, म्हणजे ४३ किलोला १५ने ६४५, सोयीसाठी ६५० मिग्रॅ दिवसातून एकदा. ९०० दिलेत तर काय होईल आणि ४८० दिलेत तर काय होईल, हे एकदा आकड्यांत पाहू. मुलांत अमिकासिन किलोमागे साधारण ३०० मिली जागेत पसरतं. समायोजित ४३ किलो खरे मानले तर हौद १३ लिटरचा. ६५० मिग्रॅ टाकले की रक्तात लिटरला सुमारे ५० मिग्रॅ होतील, ९०० टाकले की ६९, आणि आदर्श वजनाने ४८० टाकले की ३७. हे औषध शिखरावर मारतं. जंतूला थांबवायला जेवढी पातळी लागते, तिच्या आठ-दहा पट शिखर मिळालं की काम चांगलं होतं. जंतूला लिटरला ४ मिग्रॅ लागत असतील तर ३२ ते ४० गाठायला हवेत. म्हणजे ३७ काठावर आहे, आणि सेप्सिसमध्ये अंगात पाणी पसरून हौद मोठा झाला तर त्याच्याही खाली. म्हणून 'लठ्ठ आहे ना, मग आदर्श वजन धरून सुरक्षित राहू' हा विचार इथे सुरक्षित नाही. मुलगा कमी औषधावर तापत राहतो आणि आपण तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक बदलतो.

९००चा धोका दुसऱ्या टोकाला आहे. एकदा शिखर उंच गेलं म्हणून लगेच कान किंवा किडनी जात नाही. पुढच्या डोसपर्यंत औषध पुरतं उतरत नाही, रोज थोडं थोडं साचतं, तेव्हा ती जातात. आणि तुमचा नेहमीचा राखणदार, म्हणजे कमाल डोस, इथे जागा होत नाही. अमिकासिनची दिवसाची मर्यादा दीड ग्रॅम, ९०० तिच्या खूप आत. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे आणखी दोनदा येणार आहे.

प्रत्यक्षात ५०० मिग्रॅ/२ मिलीच्या व्हायलमधून २.६ मिली होतात, म्हणजे दुसरी व्हायल फोडावी लागेल. ते सलाइनमध्ये घालून अर्धा ते एक तासात जाऊ द्या. त्याआधी क्रिएटिनिन करा. किडनीचा अंदाज घ्यायला मुलांसाठी जे सोपं सूत्र आहे त्यात वजन येतच नाही, फक्त उंची येते: ०.४१३ × उंची सेंमीमध्ये ÷ क्रिएटिनिन. समजा क्रिएटिनिन ०.५ आलं, तर ०.४१३ × १४० ÷ ०.५ म्हणजे ११६ येतात, ठीक आहे. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन पुन्हा करा, लघवी मोजा. औषधाची पातळी करायची सोय असेल तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या डोसच्या अगदी आधी रक्त घ्या. दिवसातून एकदा देत असताना ती लिटरला ५ मिग्रॅच्या खाली हवी. वर आली तर डोस कमी करण्याआधी दोन डोसांमधलं अंतर वाढवा, कारण बिघाड मोरीत आहे, हौदात नाही. सोय नसेल तर हे औषध तीन दिवसांपलीकडे न्यायचं का, याचा विचार करा.

खरं सांगू? मी तुमच्या जागी असतो तर बहुधा अमिकासिन हातातच घेतलं नसतं. सेफ्ट्रायॅक्सोनचं गणित करून बघा. किलोला ७५ने प्रत्यक्ष वजनावर साडेचार ग्रॅम होतात, आदर्श वजनावर २.४ ग्रॅम. दिवसाची नेहमीची मर्यादा दोन ग्रॅम. दोन्हीकडून भिंतीला डोकं आपटतं आणि दोन ग्रॅमवर येतो. म्हणजे कोणतं वजन हा प्रश्नच उरत नाही. मूल मोठं आहे, औषध चुकायला वाव फार आहे, तेव्हा निरनिराळ्या औषधांतून ज्यात वजनाचा प्रश्न मर्यादेतच संपतो ते निवडणं हाही एक उपाय आहे. कल्चर पाठवा, सेफ्ट्रायॅक्सोन सुरू करा. अमिकासिन मी राखून ठेवेन ते मूल सेप्टिक दिसत असेल किंवा तुमच्या भागातले जंतू सेफ्ट्रायॅक्सोनला दाद देत नसतील तेव्हासाठी.

आता पॅरासिटामॉल. हे इतकं घरचं औषध आहे की त्यात विचार करावा असं कुणाला वाटत नाही. किलोला १५ मिग्रॅ, सहा तासांनी. प्रत्यक्ष वजनाने एका डोसला ९००, दिवसाला ३६०० मिग्रॅ. मोठ्या माणसाची मर्यादा डोसला एक ग्रॅम, दिवसाला चार ग्रॅम. पुन्हा तेच, आपण मर्यादेच्या आत, सिस्टर निर्धास्त, केमिस्ट निर्धास्त. पण हे औषध निकामी करायचं काम यकृताचं, आणि ते यकृत ३२ किलोच्या मुलापेक्षा फार मोठं नाही. त्या ३२ किलोंवर ३६०० मिग्रॅ म्हणजे दिवसाला किलोमागे ११२ मिग्रॅ झाले. मुलांत आपण ७५च्या वर जात नाही. एका दिवसाने काही होणार नाही. पण हा मुलगा तीन-चार दिवस तापेल, जेवणार नाही, उलट्या करेल. उपाशी यकृताकडे पॅरासिटामॉलचं विष शमवायचा साठा कमी असतो, आणि लठ्ठ मुलांत यकृतावर आधीच चरबी चढलेली असणं नवलाचं नाही. म्हणून इथे आदर्श वजन: ३२ × १५ म्हणजे ४८०. एक ५०० मिग्रॅची गोळी, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा. त्याने ताप पूर्ण उतरला नाही तरी चालेल. ताप उतरल्यावरही उलट्या थांबत नसतील, बरगडीखाली उजवीकडे दुखत असेल, तर एसजीपीटी आणि पीटी-आयएनआर बघा.

ताप उतरत नाही म्हणून मधूनच आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड द्यायचा मोह होतो. कोरडं पडलेलं मूल, किडनीचा संसर्ग, त्यात अमिकासिन चालू, अशा वेळी ते देऊ नका. वजन कितीही अचूक धरलंत तरी त्या जोडीने किडनी बसू शकते.

कमाल डोस आपल्याला वाचवेल हा भरवसा माझा कसा उडाला ते सांगतो. मी निवासी डॉक्टर असताना एका रुग्णालयात तेरा वर्षांची मुलगी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर रात्री वॉर्डात आली. वजन ८५ किलो, उंची दीड मीटर. दुखतंय म्हणून रडत होती. मॉर्फिन शिरेतून किलोला ०.१ मिग्रॅ, मी सरळ ८५ने गुणलं, साडेआठ आले. मोठ्या माणसाला आपण दहा देतो, त्याच्या आतच आहे, असं म्हणून दिले. तासाभरात मुलगी शांत झोपली. आई म्हणाली, किती दिवसांनी अशी गाढ झोपली. घोरत होती. मग घोरणंही थांबायला लागलं, मधेच मोठा श्वास, पुन्हा शांतता. सिस्टरनी बोटाला सॅच्युरेशन लावलं तर ७८. मास्कने श्वास दिला, नॅलॉक्सोन थोडं थोडं दिलं, मुलगी जागी झाली आणि पुन्हा दुखतंय म्हणून रडायला लागली. ते रडणं मला आजही आठवतं, कारण त्या क्षणी त्याच्याइतकं गोड काही नव्हतं. सकाळी आईला विचारलं तेव्हा कळलं, मुलगी रोजच घोरते, झोपेत दचकून उठते, शाळेत बाकावर पेंगते. हे मी डोस देण्याआधी विचारायला हवं होतं.

तिचं आदर्श वजन साधारण ४२ किलो येतं. त्यावर ०.१ने सव्वाचार मिग्रॅ. मी दुप्पट दिले होते. आज अशा मुलीला मी आदर्श वजनावर किलोला ०.०५पासून, म्हणजे दोन मिग्रॅपासून सुरू करेन, दहा-पंधरा मिनिटं थांबेन, लागलं तर पुन्हा देईन, आणि रात्रभर सॅच्युरेशन लावून ठेवेन. झोपेत श्वास अडकणाऱ्या मुलाला मॉर्फिनच्या जातीचं औषध देताना वजनापेक्षा हा पहारा महत्त्वाचा. कोडीन तर अशा मुलांत मी वापरतच नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७मध्ये ते बारा वर्षांखाली पूर्ण वर्ज्य केलं आणि बारा ते अठरा वयात लठ्ठ किंवा झोपेत श्वास अडकणाऱ्यांना देऊ नका असं बजावलं.

तुमच्या सरांपैकी कुणीतरी असंही म्हणेल की, चरबीत विरघळणाऱ्या औषधाला प्रत्यक्ष वजन, पाण्यात विरघळणाऱ्याला आदर्श. पाठ करायला छान वाक्य आहे, आणि निम्मं खरं आहे. मिडाझोलाम चरबीत चांगलंच शिरतं, म्हणजे हौद खरोखर मोठा. म्हणून पुस्तकी हिशेबाने पहिला डोस प्रत्यक्ष वजनाकडे झुकतो. पण शिरेतून दिलेलं औषध आधी मेंदूत आणि हृदयात जातं, चरबीत सावकाश उतरतं. पहिल्या दोन मिनिटांत तो मोठा हौद उपलब्धच नसतो. सगळा डोस एकदम मारलात तर आधी श्वास जाईल, मग चरबी भरेल. मी आदर्श वजनावर सुरू करतो आणि झोप येईपर्यंत थोडं थोडं वाढवतो. पुढे ड्रिप लावायची असेल तर ती आदर्श वजनावरच, कारण ती मोरीची गोष्ट. ड्रिप प्रत्यक्ष वजनावर दोन-तीन दिवस चालली की चरबीत साठा होतो. औषध बंद केल्यावर तो साठा परत रक्तात येत राहतो आणि मूल दीड-दोन दिवस डोळे उघडत नाही. मग आपण सीटी स्कॅन करतो.

उलट टोकाचीही उदाहरणं आहेत, म्हणजे जिथे प्रत्यक्ष वजनच धरायचं. भूलतज्ज्ञ श्वासनलिकेत नळी घालताना सक्सिनिलकोलीन प्रत्यक्ष वजनावर देतात, आणि त्याच कामासाठीचं रोक्युरोनियम आदर्श वजनावर. दोन्ही स्नायू सैल करणारीच औषधं, तरी हिशेब वेगळा. व्हॅन्कोमायसिनचा पहिला भरणा लठ्ठ मुलात प्रत्यक्ष वजनाच्या किलोला २० मिग्रॅ धरतात, २०२०च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांतही तसंच आहे. पुढचे डोस मात्र रक्तातल्या पातळीवर ठरवायचे. रक्त पातळ ठेवणारं एनॉक्सापॅरिनही प्रत्यक्ष वजनावर सुरू करतात आणि अँटी-टेन-ए तपासून खाली आणतात, कारण लठ्ठ मुलांना किलोमागे कमी पुरतं. म्हणून औषधाचं नाव घेतल्याशिवाय वजनाचं बोलू नये. मी स्वतः अजूनही न वापरलेलं औषध देताना आधी बघतो, आठवणीवर जात नाही.

आणीबाणीत मात्र हे सगळं बाजूला ठेवा. हृदय थांबलेल्या मुलापुढे कुणी बीएमआयचा तक्ता उघडत नाही. उंचीवरून वजन सांगणारी पट्टी असेल तर ती मुलाशेजारी ठेवा. ती जे वजन सांगते ते आदर्शच असतं आणि पुनरुज्जीवनाच्या औषधांना ते चालतं. मोठ्या माणसाच्या डोसपलीकडे जायचं नाही एवढंच बघा. तुमच्या मुलाची उंची त्या पट्टीच्या शेवटच्या टोकाला येते, त्यापुढे पट्टी संपते आणि मोठ्यांचा डोस सुरू होतो. ॲनाफिलॅक्सिसमध्ये तर प्रश्न आणखी सोपा. मांडीत ॲड्रेनालीन किलोला ०.०१ मिग्रॅ, आदर्श वजनाने ०.३२ येतात, दहा वर्षांच्या मुलाला आपण तसेही ०.३ देतो. लगेच द्या, गणित नंतर.

'पण कधीपासून हा खटाटोप करायचा?' असं विचाराल. प्रत्येक गुबगुबीत मुलाला नाही. प्रत्यक्ष वजन आदर्शाच्या १२० टक्क्यांच्या आत असेल तर मी नेहमीसारखं प्रत्यक्ष वजन धरतो, डोस गोल करण्यातच तेवढा फरक पडतो. त्यापुढे गेलं की थांबून बघतो: औषध सुरक्षित आहे का, म्हणजे योग्य डोस आणि घातक डोस यांत भरपूर अंतर आहे का? अमॉक्सिसिलिनसारखं असेल तर प्रत्यक्ष वजन, मोठ्यांच्या डोसला कापून, आणि पुढे. अंतर अरुंद असेल तर तीन आकडे काढतो. तुमचा मुलगा आदर्शाच्या १८७ टक्क्यांवर आहे, तिथे काढायलाच हवेत.

आणि काढलेत की केसपेपरच्या पहिल्या पानावर ठळक लिहा: 'वजन ६०, उंची १४०, आदर्श ३२, समायोजित ४३.' ऑर्डरच्या प्रत्येक ओळीपुढे कोणतं धरलं तेही लिहा, 'अमिकासिन ६५० मिग्रॅ, समायोजित'. नाहीतर रात्रपाळीचा डॉक्टर ६० गुणिले १५ करेल, तुम्ही चुकलात असं समजून ९०० करून टाकेल, आणि त्यात त्याचा काही दोष नसेल. माझ्या वॉर्डात हे दोनदा घडल्यावर ही सवय लागली.

मुलगा घरी जाईल तेव्हा आईलाही हाच घोळ होणार आहे. गोळी गिळत नसेल तर ती सिरप मागेल. ५ मिलीत २५० मिग्रॅवाल्या बाटलीचे १० मिली म्हणजे ५०० मिग्रॅ. बाटलीवर कोणता आकडा आहे तो तिला बोटाने दाखवा, कारण १२५वाली बाटलीही तशीच दिसते. 'पोरगं मोठ्या माणसाएवढं आहे, दीड गोळी देऊ का?' असं आजी नक्की विचारेल. नाही म्हणून सांगा, आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ती वरून देऊ नका, हेही चिठ्ठीवर मराठीत लिहून द्या.